नवा आधी बसतो, जुना मग उठतो

कोंड्यावरच्या शाम्पूची बाटली फिरवून पाठचा बारीक मजकूर वाचायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. पडलंच, तर बऱ्याच बाटल्यांवर 'झिंक पायरिथिऑन' हे नाव सापडतं आणि त्याच्यापुढे बहुधा १ टक्का किंवा त्याच्या आसपासचा आकडा. म्हणजे १०० ग्रॅम शाम्पूत सुमारे १ ग्रॅम पांढरी पूड, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी. १९६१ साली अमेरिकेत हेड अँड शोल्डर्स बाजारात आला तो याच पुडीच्या जोरावर.

ही पूड करायची तर पायरिडिन नावाच्या वलयाच्या दुसऱ्या जागेवरून क्लोरीनला उठवून तिथे गंधक बसवावं लागतं. आणि गंधकाचं नीट जमावं म्हणून त्या वलयातल्या नायट्रोजनला आधी ऑक्सिजनची शेंडी लावावी लागते. मराठीत शेंडी लावणं म्हणजे फसवणं. इथे मात्र शेंडी अगदी खरी आहे आणि तिच्यामुळे सगळं वलयच निराळं वागू लागतं.

पायरिडिन दिसायला बेंझिनचं सख्खं भावंड. बेंझिनच्या वलयात सहा कार्बन असतात, पायरिडिनमध्ये पाच कार्बन आणि एक नायट्रोजन. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांना ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हाडांपासून काढलेल्या तेलात सापडलं. वास असा, की कुजलेल्या मासळीशी तुलना करावी तर मासळीवर अन्याय व्हावा. मोजणी नायट्रोजनपासून सुरू होते: नायट्रोजन १ नंबरवर, त्याचे दोन्ही शेजारी २ आणि ६, त्यांच्यापलीकडचे ३ आणि ५, आणि नायट्रोजनच्या बरोबर समोरचा ४. एवढे क्रमांक लक्षात ठेवले की पुढची गोष्ट सोपी आहे.

नायट्रोजन हा कार्बनपेक्षा इलेक्ट्रॉनचा जास्त हावरा. वलयात सगळ्यांच्या मिळून असलेल्या इलेक्ट्रॉनांतला वाजवीपेक्षा मोठा वाटा तो स्वतःकडे ओढतो, त्यामुळे बाकीचं वलय इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत थोडं गरीब राहतं. बेंझिनच्या वलयावर इलेक्ट्रॉनांच्या शोधात असलेले रेणू येऊन धडकतात. पायरिडिनवर उलट गिऱ्हाईक येतं: ज्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनांची जोडी आहे आणि जो ती कुठे ठेवावी हे शोधतो आहे असं. त्याला पुस्तकी मराठीत केंद्रकस्नेही म्हणतात आणि प्रयोगशाळेत सगळे न्यूक्लिओफाइल म्हणतात. त्याने येऊन आधीच्याला हटवलं की झालं न्यूक्लिओफिलिक प्रतिष्ठापन.

पण हटवतो कसा? साध्या साखळीच्या रेणूत नवा पाठीमागून येतो आणि जुना पुढून निघतो, एकाच झटक्यात. सपाट वलयाला पाठ अशी नसतेच. त्या बाजूला वलयाचा आतला भाग. म्हणून इथे गर्दीतल्या एसटीसारखं होतं. तिघांच्या बाकावर चौथा येतो, 'जरा सरका' म्हणत टेकतो, आणि काही क्षण चौघं अवघडून बसलेले असतात. मग जुन्यांपैकी एक उठतो. म्हणजे नवा आधी बसतो, जुना मग उठतो. मधल्या अवघडलेल्या अवस्थेत एकाच कार्बनवर दोघं असतात आणि वलयावर एक जादा ऋण भार लादलेला असतो.

ही अवस्था कुणाची कल्पना नाही, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोब मायझेनहायमर यांनी १९०२ मध्ये दाखवलं. त्यांनी तीन नायट्रो गट असलेलं एक बेंझिनचं संयुग घेतलं, ज्याच्या एका कार्बनवर मिथॉक्सी गट होता, आणि त्यावर इथॉक्साइड टाकलं. गडद रंगाचा क्षार मिळाला. मग उलट केलं: इथॉक्सी गट असलेलं संयुग घेऊन त्यावर मिथॉक्साइड टाकलं. पुन्हा तोच क्षार. दोन वेगळ्या वाटांनी निघून एकाच ठिकाणी पोचायचं, तर मिथॉक्सी आणि इथॉक्सी दोघं एकाच कार्बनवर बसलेले असण्यावाचून गत्यंतर नाही. या अवघडलेल्या संयुगाला आजही मायझेनहायमर कॉम्प्लेक्स म्हणतात. गृहस्थांचं नाव लक्षात ठेवावं. ते पुढे पुन्हा येणार आहेत.

बाक कुठला, यावर आता सगळं अवलंबून. अवघडलेल्या अवस्थेतला जादा ऋण भार एका जागी बसून राहत नाही. नवा ज्या कार्बनवर बसला त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांवर आणि बरोबर समोरच्यावर, अशा तीन जागी तो वाटला जातो. पाहुणा २ नंबरवर बसला, तर त्या तीन जागा होतात १, ३ आणि ५. म्हणजे त्यांत नायट्रोजन आला, आणि ऋण भार सांभाळणं हे तर त्याच्या आवडीचं काम. पाहुणा ४ नंबरवर बसला तरी शेजारी ३ आणि ५, समोर १. नायट्रोजन पुन्हा हाताशी. पण ३ नंबरवर बसला तर वाटणी २, ४ आणि ६ अशी होते. तिन्ही कार्बन. नायट्रोजन शेजारी असूनही त्याचा काडीचा उपयोग नाही.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण प्रयोगात तो प्रचंड निघतो. मिथॉक्साइडबरोबर २-क्लोरोपायरिडिन हे ३-क्लोरोपायरिडिनच्या जवळपास ३,००० पट वेगाने क्लोरीन सोडतं. ४-क्लोरोपायरिडिन त्याहूनही पुढे, ८०,००० पटींच्या घरात. मग सगळा बोलबाला २ नंबरचाच का? एक कारण व्यवहाराचं आहे. २-क्लोरोपायरिडिन हा टिकाऊ द्रव आहे, पिंपात भरून वर्षभर ठेवता येतो. ४-क्लोरोपायरिडिन इतकं उतावीळ की त्याच्या एका रेणूचा नायट्रोजन दुसऱ्या रेणूच्या क्लोरीनलाच उठवायला निघतो आणि साठवणीतच त्याचा चिकटा होतो. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन घ्या. त्याच्या रेणूतला पायरिडिनचा तुकडा आला तो २-क्लोरोपायरिडिनमधूनच, क्लोरीनच्या जागी कार्बनची साखळी बसवून.

'नवा आधी बसतो' याचा आणखी एक पुरावा आहे आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो. कार्बन-फ्लोरीन बंध कार्बन-क्लोरीनपेक्षा कितीतरी मजबूत. तेव्हा फ्लोरीन उठवायला जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात २-फ्लोरोपायरिडिन क्लोरोच्या शेकडो पट वेगाने चालतं. कारण वेळ लागतो तो बसायला, उठायला नव्हे. फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून आपल्या कार्बनला इतकं भुकेलं करून ठेवतो की नव्याला तिथे पटकन टेकता येतं. एकदा तो टेकला की कुणाचा बंध किती मजबूत याला फारसं महत्त्व उरत नाही.

क्लोरीन किंवा फ्लोरीन तिथे आधीच असेल तर हे सगळं ठीक. पण कोऱ्या पायरिडिनच्या २ नंबरवर नुसता हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनला उठवणं म्हणजे महासंकट. नवा आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन आला, तेव्हा जुन्याने एक जोडी घेऊन जायला हवं. क्लोरीन ती आनंदाने नेतो. हायड्रोजनला मात्र इलेक्ट्रॉन न घेता, एकटा प्रोटॉन म्हणून जायची सवय. जोडी घेऊन गेला तर तो हायड्राइड होतो, आणि हायड्राइड हा अत्यंत तापट प्राणी.

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सेई चिचिबाबिन यांनी १९१४ मध्ये हे जबरदस्तीने घडवून आणलं. पायरिडिन आणि सोडामाइड टोल्युईनसारख्या द्रवात १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की अमाइड २ नंबरवर बसतं, हायड्राइड हाकललं जातं आणि ते लगेच हायड्रोजन वायू होऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातं. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं, इतकी सोपी खूण. सोडियम नायट्रोजनला धरून असतो, त्यामुळे अमाइड त्याच्या शेजारीच उतरतं आणि मिळतं ते २-अमिनोपायरिडिन. त्यापासून पुढे सल्फापायरिडिन आलं, ज्याने डिसेंबर १९४३ मध्ये न्यूमोनियाने आजारी पडलेल्या चर्चिल यांच्यावर उपचार झाले. पण सोडामाइड ओलाव्याने भडकतं आणि जुनं झालं तर स्फोटक होतं. शिवाय एवढा मार सहन करू शकणारे रेणू थोडे. वलयावर आणखी एखादा नाजूक गट असला की तो आधी बळी पडतो.

इथे मायझेनहायमर पुन्हा येतात. १९२६ मध्ये त्यांनी पायरिडिनवर परबेंझोइक आम्लाची क्रिया केली आणि नायट्रोजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीवर एक ऑक्सिजन चढवला. हेच पायरिडिन एन-ऑक्साइड. वास गेला, हाती आला एक पांढरा घन पदार्थ, ६५ अंशांच्या आसपास वितळणारा आणि हवेतलं पाणी इतकं ओढणारा की उघडी ठेवलेली बाटली बघता बघता ओली होते.

एन-ऑक्साइडमध्ये नायट्रोजनवर धन भार असतो आणि ऑक्सिजनवर ऋण. म्हणजे एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी सुरू होतात. धन भार असलेला नायट्रोजन २ आणि ४ नंबरकडून इलेक्ट्रॉन आणखी जोराने ओढतो, तर ऋण भार असलेला ऑक्सिजन त्याच २ आणि ४ नंबरकडे इलेक्ट्रॉन ढकलतो. दोन्ही डगरींवर हात म्हणतात तसं. इलेक्ट्रॉन द्यायला आलेल्याला हे वलय नायट्रोजनचा चेहरा दाखवतं, घ्यायला आलेल्याला ऑक्सिजनचा.

दुसऱ्या चेहऱ्याची गोष्ट थोडक्यात. पायरिडिनवर नायट्रो गट चढवायचा म्हणजे ३०० अंशांच्या वर तापवूनही पदरात काही टक्केच पडतं, आणि तेही ३ नंबरवर. एन-ऑक्साइडवर तोच गट सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात त्याहून कितीतरी कमी तापमानाला ४ नंबरवर बसतो, आणि भरपूर मिळतो. जपानमध्ये एइजी ओचिआई आणि नेदरलँड्समध्ये हेन्ड्रिक डेन हेर्टोख हे एकमेकांपासून दूर राहून या एकाच शोधापर्यंत पोचले. आम्लपित्तावरच्या ओमेप्रझोलमधला पायरिडिनचा भाग याच वाटेने करतात: ऑक्सिजन चढवा, ४ नंबरवर नायट्रो बसवा, मग मिथॉक्साइडने त्या नायट्रोला उठवा. ज्या ऑक्सिजनने नायट्रोला बोलावलं, त्याच्याच शेजारच्या धन नायट्रोजनने त्याला हाकलायला मदत केली.

आता पहिला चेहरा. कोऱ्या एन-ऑक्साइडवर फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड टाकलं तर ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरतो, नायट्रोजनची ओढ आणखी वाढते आणि सुटलेलं क्लोराइड २ नंबरवर बसतं. आता तिथल्या हायड्रोजनने जायचं आहे, पण या वेळी त्याला इलेक्ट्रॉनांची जोडी न्यावी लागत नाही. ती जोडी ऑक्सिजन आणि फॉस्फरस मिळून नेतात. हायड्रोजन आपल्या सवयीप्रमाणे एकटा प्रोटॉन म्हणून निघतो. चिचिबाबिन यांना सोडामाइडचा दांडपट्टा चालवून जे करावं लागलं, ते इथे ऑक्सिजनने पदरमोड करून सोपं केलं. शेवटी ऑक्सिजनही नाही आणि हायड्रोजनही नाही, उरतं २-क्लोरोपायरिडिन. अडचण एकच, पण मोठी: काही क्लोराइड ४ नंबरवरही जाऊन बसतं, दोन्हींचं मिश्रण हाती येतं आणि ते वेगळं करत बसावं लागतं. म्हणून मोठ्या कारखान्यात नुसतं २-क्लोरोपायरिडिन हवं असेल तर पायरिडिनवर थेट क्लोरीन वायू चालवणं परवडतं. एन-ऑक्साइडची वाट कामाला येते ती महागड्या, गुंतागुंतीच्या रेणूंसाठी.

शाम्पूतल्या पुडीकडे परत येऊ, कारण तिथे ऑक्सिजन मदत करून निघून जात नाही. तो तिथेच राहतो आणि शेवटी त्याचंच काम असतं. १९५० मध्ये अमेरिकेत इलियट शॉ आणि त्यांचे सहकारी अ‍ॅस्परजिलिक आम्ल या बुरशीत सापडलेल्या प्रतिजैविकाची सोपी नक्कल शोधत होते. त्यांनी २-ब्रोमोपायरिडिन एन-ऑक्साइडवरचा ब्रोमीन काढून गंधक बसवलं आणि पायरिथिऑन मिळालं. कारखान्यांत ब्रोमीनऐवजी स्वस्त क्लोरीन वापरतात, बाकी कल्पना तीच.

पहिला टप्पा २-क्लोरोपायरिडिनवर ऑक्सिजन चढवण्याचा, आणि खरा त्रास इथेच. क्लोरीन शेजारी बसून नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे ऑक्सिजनला द्यायला ती सहज मोकळी नसते. साध्या पायरिडिनचं काम पेरअ‍ॅसेटिक आम्लात ८५ अंशांच्या आसपास चांगलं उरकतं. क्लोरोचं तासन्‌तास रेंगाळतं आणि बऱ्याचदा पूर्ण होतच नाही. उरलेलं २-क्लोरोपायरिडिन वाफेबरोबर उडवून परत मिळवावं लागतं. नवख्याला इथे घाई सुचते: थंड मिश्रणात पेरॉक्साइड भराभर ओतायचं आणि मग तापवायचं. क्रिया मंद असल्यामुळे पेरॉक्साइड साचत जातं, आणि तापमान चढलं की सगळं एकदम पेट घेतल्यासारखं धावतं. म्हणून आधी भांडं गरम, मग पेरॉक्साइड थोडं थोडं, आणि नजर तापमापीवर.

काम कुठवर आलं हे सिलिकाच्या पट्टीवर दिसतं. २-क्लोरोपायरिडिनचा ठिपका द्रवाबरोबर वर चढतो. एन-ऑक्साइड धन-ऋण भारांमुळे सिलिकाला इतकं चिकटतं की ते तळाशीच घुटमळतं. अतिनील दिव्याखाली पट्टी धरली की वरचा ठिपका फिकट होत जाताना आणि खालचा गडद होताना दिसतो. तो फिकट व्हायचा थांबला म्हणजे आता आणखी तापवून उपयोग नाही. मग पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचा कागद बुडवायचा. निळा झाला तर पेरॉक्साइड अजून शिल्लक आहे. ते सोडियम सल्फाइटने मारल्याशिवाय काहीही आटवायचं नाही. पेरॉक्साइड असलेलं मिश्रण कोरडं होईपर्यंत आटवणं म्हणजे स्फोटाला आवतण.

दुसरा टप्पा त्या मानाने सरळ. सोडियम हायड्रोसल्फाइडचं अल्कधर्मी द्रावण घ्यायचं आणि तापवायचं. गंधक हा उत्साही न्यूक्लिओफाइल, आणि एन-ऑक्साइडमधला २ नंबर आता साध्या क्लोरोपायरिडिनपेक्षा कितीतरी जास्त भुकेला. अवघडलेल्या अवस्थेतला जादा ऋण भार या वेळी धन भार असलेल्या नायट्रोजनकडे जातो, तेव्हा त्याला जागा करून देणं अगदीच सोपं. क्लोरीन उठतो, गंधक बसतो, सोडियम पायरिथिऑन पाण्यात विरघळलेलं मिळतं.

इथे तीन गोष्टी बिघडू शकतात. द्रावण आम्लाकडे झुकलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा वास आला म्हणजे धोका आहेच, पण वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही, कारण हा वायू जास्त झाला की नाकच बधिर करतो. अल्कली आणि उष्णता दोन्ही जास्त झाली तर गंधकाच्या आधी हायड्रॉक्साइडच २ नंबरवर जाऊन बसतं आणि माल वाया जातो; बाक सोपा झाला की तो सगळ्यांसाठीच सोपा होतो. आणि पहिल्या टप्प्यातलं पेरॉक्साइड नीट मारलं नसेल, तर पायरिथिऑनचे दोन रेणू गंधकाला गंधक जोडून जोडीने बसतात. ती जोडी झिंकच्या कामाची नाही. कागद निळा झाल्यावर पाच मिनिटं वाचवली, तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी अशी मोजावी लागते.

शेवटी झिंक सल्फेटचं द्रावण ओतलं की पांढरा साका खाली बसतो. एक झिंक दोन पायरिथिऑन रेणूंना धरतो आणि प्रत्येक रेणू त्याला दोन हातांनी पकडतो: एक हात २ नंबरवरचं गंधक, दुसरा नायट्रोजनवरचा तो ऑक्सिजन. हिशेबाने पाहिलं तर १ ग्रॅम झिंक पायरिथिऑनला ०.७ ग्रॅमहून थोडं जास्त २-क्लोरोपायरिडिन पुरावं, पहिला टप्पा पूर्ण झाला असता तर. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत या पुडीला बंदी केली. प्रजननाला घातक असल्याच्या वर्गीकरणामुळे. भारतात ती अजून बाटल्यांवर दिसते.

हीच पकड कारखान्यात एक डोकेदुखीही आहे. पायरिथिऑनला लोखंड झिंकपेक्षाही आवडतं आणि लोखंडाबरोबरचं त्याचं संयुग गडद निळं असतं. कुठल्या पाइपचा गंज, कुठल्या कच्च्या मालातला लोखंडाचा अंश, लाखात एखादा भाग असला तरी पुरतो. पांढराशुभ्र व्हायला हवा असा शाम्पू मग राखाडी-निळसर छटा घेऊन बाहेर पडतो, आणि गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाला रेणूचं सूत्र काढायच्या आधी टाकीच्या वेल्डिंगकडे बघायला जावं लागतं.